पाच मिलिमीटर कुठे गेले?

भाच्यानं परळच्या एका माणसाकडून वापरलेले रनिंग शूज घ्यायचं ठरवलं होतं. त्यानं तीन फोटो पाठवले: तळाचा, खोक्यावरच्या लेबलचा आणि सुखतळ्याचा. सोबत एक ओळ: "मामा, बघ ना, फर्स्ट कॉपी तर नाही?" माझं आयुष्य रबराच्या साच्यांत गेलंय, त्यामुळे साहजिकच मी आधी तळ बघितला.

रबराचा सोल गरम साच्यात दाबून पक्का करतात. तापमान साधारण दीडशे अंश सेल्सिअस असतं. बाहेर काढल्यावर तो थंड होतो आणि आकसतो. धातूच्या साच्यापेक्षा रबर बरंच जास्त आकसतं, मिश्रणानुसार दीड ते दोन टक्के. म्हणून मूळ साचा तेवढा मोठाच कापलेला असतो. नक्कल करणाऱ्याकडे तो साचा नसतो, बाजारातून आणलेला एक तयार बूट असतो. त्या बुटाच्या तळावरून त्यानं साचा पाडला, तर तो आधीच आकसलेल्या मापाचा होतो. त्यातून निघणारं रबर पुन्हा आकसतं.

मी भाच्याला म्हटलं, दुकानात जाऊन त्याच मॉडेलचा, त्याच आठ नंबरचा तळ टाचेपासून टोकापर्यंत मोज. तो 295 मिलिमीटर भरला. विकणाऱ्यानं पट्टी शेजारी ठेवून पाठवलेल्या फोटोत 290 दिसत होते. फरक 1.7 टक्के. ब्रिटिश मापात दोन नंबरांमध्ये सुमारे साडेआठ मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणजे अर्ध्या नंबराहून थोडं जास्तच गायब.

एवढ्यावर निकाल देणं मात्र घाईचं झालं असतं. फोन बुटाच्या फार जवळ धरला की टोक आणि टाच वेगवेगळ्या मापाची दिसतात. दीड मीटरवरून, झूम करून, पट्टी तळाच्याच पातळीवर ठेवून फोटो काढला तरच मापाला अर्थ. शिवाय हुशार नकलाकार स्कॅन केलेला आकार दोन टक्के फुगवून घेतो आणि लांबी बरोबर जुळवतो.

त्याला फुगवून परत आणता येत नाहीत त्या कडा. मूळ साच्यात नक्षी धातूत कोरलेली असते, तिच्या खाचांचे कोपरे धारदार असतात, बारीक पोत स्वच्छ उमटतो. बुटावरून साचा पाडताना प्रत्येक टप्प्यावर हे कोपरे थोडे थोडे गोल होतात, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखे. हे बघायला टॉर्च बाजूनं, तिरका मारायचा. समोरून फ्लॅश पडला की सावल्याच जातात आणि दोन्ही तळ सारखे दिसतात. अर्थात वापरलेल्या बुटाच्या कडा झिजतातही. म्हणून जिथे जमीन लागत नाही, त्या कमानीखालच्या भागात बघायचं. भाच्याच्या फोटोत तिथली नक्षीही साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती.

लेबलचं काम सोपं. खोक्यावरची लेबलं बहुधा थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवर छापतात, त्यामुळे अक्षरांच्या आणि बारकोडच्या कडा स्वच्छ येतात. नकली लेबल अनेकदा खऱ्याचं स्कॅन असतं. त्यात नंबर तेवढा बदलतात. मग एकाच ओळीत दोन '8' वेगळे दिसतात: एकाचे दोन्ही गोल सारखे, दुसऱ्याचा वरचा लहान. इथे तेच होतं. मात्र इथल्या आयातदाराचं एमआरपीचं स्टिकर बरेचदा नंतर, वेगळ्या यंत्रावर छापून लावलेलं असतं. त्याचा फॉन्ट वेगळा दिसला म्हणून बूट नकली ठरत नाही. आणि लेबलवरचा मॉडेल क्रमांक बुटाच्या जिभेवरच्या क्रमांकाशी जुळला, यावरही फार विसंबू नये. आकडे उतरवून घेणं हे नकलेतलं सगळ्यात स्वस्त काम.

सुखतळ्याचा फोटो वरून काढलेला होता, म्हणजे जवळपास निरुपयोगी. छापलेलं चिन्ह खऱ्या बुटातही महिन्याभरात पुसतं. बघायचं असतं ते सुखतळा उचलल्यावर खाली. बऱ्याच रनिंग शूजमध्ये तिथे कापडी तळ बुटाच्या वरच्या भागाला कडेनं शिवलेला असतो, त्याला स्ट्रोबेल शिलाई म्हणतात. दुकानातल्या बुटात ती होती. विकणाऱ्यानं कुरकुरत पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत सोल्यूशननं चिकटवलेला पुठ्ठा होता.

तरीही भाचा म्हणाला, "असेल की एखाद्या बॅचमध्ये." मग मला डाव्या तळाच्या कमानीत एक बारीक खळगा दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा. ज्या बुटावरून साचा पाडला त्याला ओरखडा असला, की तो डाग साच्यात जातो आणि प्रत्येक जोडीत उतरतो. मी त्याला त्याच मॉडेलच्या, त्याच नंबरच्या, वेगवेगळ्या लोकांनी विकायला काढलेल्या जोड्यांचे तळ शोधायला सांगितलं. रात्री साडेअकराला त्याचे दोन फोटो आले, एक ठाण्याचा, एक विरारचा. दोन्ही डाव्या तळांवर, त्याच जागी, तोच तांदळाचा दाणा.