मेकॅनिकल इंजिनिअरचे कव्हर लेटर (प्रॉडक्ट मॅनेजर पदासाठी)

डिझाइन, उत्पादन किंवा टेस्टिंगमध्ये काम केलेला मेकॅनिकल इंजिनिअर प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करताना रेझ्युमेसोबत हायरिंग मॅनेजरला जे पत्र लिहितो, ते हे. लांबी साधारण एक पान. रेझ्युमेत हुद्दे, प्रोजेक्ट आणि सॉफ्टवेअरची नावे असतात. त्या प्रोजेक्टमध्ये निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घेतला, हे त्यातून कळत नाही. ते सांगणे हे या पत्राचे काम.

काय बनवायचे, कोणासाठी आणि आधी कोणते, हे प्रॉडक्ट मॅनेजर पाहतो. कसे बनवायचे ते बहुतांशी इंजिनिअर ठरवतात. या भूमिकेचे मूळ सहसा १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय यांनी लिहिलेल्या मेमोत शोधले जाते. एका ब्रँडची सगळी जबाबदारी घेणारा माणूस असावा, माल कुठे कमी खपतो हे त्याने स्वतः जाऊन तपासावे आणि उपाय आखावा, अशी त्यात मांडणी होती. गंमत म्हणजे तो मेमोही माणसे नेमून मिळावीत म्हणूनच लिहिलेला होता.

जुना प्रोजेक्ट आणि नवी जबाबदारी यांचा सांधा जुळतो कसा, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. पाण्याच्या पंपांवर काम करणारा इंजिनिअर पहिल्या खर्ड्यात लिहितो : ‘मेकॅनिकल सीलचे रिडिझाइन केले, डीएफएमईए आणि टॉलरन्स स्टॅक-अप हाताळले.’ डीएफएमईए म्हणजे डिझाइन कुठे कुठे बिघडू शकते याचे आधीच केलेले विश्लेषण, आणि टॉलरन्स स्टॅक-अप म्हणजे वेगवेगळ्या भागांच्या मापांतले छोटे फरक एकत्र येऊन किती होतात याचा हिशेब. वाक्य खरे आहे, पण ते डिझाइन इंजिनिअरच्या जागेसाठी शोभते. तोच प्रोजेक्ट असाही सांगता येतो :

‘वॉरंटीत परत आलेले पंप मी सर्व्हिस टीमसोबत उघडून पाहिले. गळती मुख्यतः लहान मॉडेलमध्ये होती. टाकी रिकामी झाल्याचे वापरणाऱ्याला कळत नसे, पंप कोरडा चालत राही आणि सील तापून तडकत असे. महाग सील सगळ्या मॉडेलना लावण्याऐवजी लहान मॉडेललाच पाणी संपताच पंप बंद करणारा ड्राय-रन कटऑफ द्यावा, असे मी सुचवले. त्यासाठी नव्या आउटलेटचे काम पुढच्या आवृत्तीवर ढकलावे लागले. सेल्सचा त्याला विरोध होता. कटऑफ आल्यानंतरच्या वर्षात या मॉडेलच्या गळतीच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.’

सीलच्या दोन पृष्ठभागांमधला पाण्याचा पातळ थर वंगण आणि थंडावा दोन्ही देतो. तो नसला की पृष्ठभाग घासून तापतात. अभियांत्रिकीचे हे ज्ञान परिच्छेदात आहेच, पण ते पायाशी राहते. वर दिसतो तो वापरणारा माणूस, दोन पर्यायांतली निवड आणि त्या निवडीची किंमत. जाहिरातीत ‘ग्राहकांच्या अडचणी समजून प्राधान्यक्रम ठरवणे’ अशी जबाबदारी असेल, तर परत आलेले पंप उघडणे आणि आउटलेट मागे ठेवणे ही तिचीच दोन रूपे आहेत. एवढे सांगणारे एक वाक्य परिच्छेदाखाली जोडले की पुरे. जाहिरातीतल्या प्रत्येक मुद्द्याला एकेक प्रोजेक्ट चिकटवण्याच्या नादात पत्राचा तक्ता होतो.

सांधा ओढूनताणून जुळवला तर तो लगेच दिसतो. सगळ्यात जास्त ताणले जाते ते डीएफएमईए. त्याच्या पारंपरिक पद्धतीत बिघाडाची तीव्रता, तो घडण्याची शक्यता आणि तो वेळीच पकडला न जाण्याची शक्यता यांना प्रत्येकी १ ते १० गुण देऊन गुणाकार केला जातो. आकडा मोठा तर धोका मोठा. ग्राहकाला ती गोष्ट हवी आहे का आणि तिच्यासाठी तो पैसे मोजेल का, याबद्दल तो गुणाकार काहीच बोलत नाही. म्हणून ‘डीएफएमईए केल्यामुळे मला प्रायॉरिटायझेशन येते’ हा दावा अर्धवट ठरतो. तसेच, स्पेसिफिकेशन वरून आयते आले असेल तर ‘रिक्वायरमेंट ठरवल्या’ असे लिहिणे मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अंगाशी येते.

हायरिंग मॅनेजरची शंका बहुधा तांत्रिक नसते. हा माणूस अडचण पुरती ऐकण्याआधीच उत्तर काढायला बसेल का, आणि इंजिनिअरिंग टीमचे काम स्वतःच करू लागेल का, याची त्याला धास्ती असते. पत्रातली क्रियापदे त्याला पुष्कळ काही सांगून जातात. सगळीकडे ‘डिझाइन केले’, ‘बनवले’, ‘टेस्ट केले’ असेल आणि ‘विचारले’, ‘वगळले’, ‘पटवले’ कुठेच नसेल, तर शंका बळावते.

नवे उत्पादन यंत्र असेल तर वाट सोपी असते. सॉफ्टवेअर असेल तर एक फरक पत्रातच मान्य केलेला बरा : मोल्ड एकदा कापला की बदल महाग पडतो, म्हणून मेकॅनिकल इंजिनिअर आधी खात्री करून घेतो, सॉफ्टवेअरमध्ये थोड्या वापरकर्त्यांना अर्धेमुर्धे देऊन शिकता येते. पहिल्या सवयीतून दुसरीकडे जाण्याची तयारी दाखवायला प्रोटोटाइप लवकर बाहेर देऊन मत बदलल्याचा एखादा प्रसंग उपयोगी पडतो.

आकडे देताना जुन्या कंपनीची गुपिते उघडी पडणार नाहीत, हे पाहावे लागते. वॉरंटीचा नेमका खर्च किंवा विक्रीची संख्या न देता ‘निम्म्याहून कमी’ असे प्रमाण दिले तरी भागते; उलट नको तितके तपशील देणारा उमेदवार उद्या आपलीही माहिती अशीच बाहेर नेईल, असे वाचणाऱ्याला वाटते.