टाकीतलं पाणी संपत नाही तेव्हा

पावसाआधीच्या घामट दिवसांत संध्याकाळी कूलरची टाकी काठोकाठ भरावी आणि मध्यरात्री उठून पाहावं, तर पाणी जेमतेम निम्म्यावर आलेलं. कडक उन्हाळ्यात हीच टाकी चार तासांत तळ दाखवायची. आता पाणी पुरतंय म्हणून बरं वाटतं, पण कूलरच्या बाबतीत ही वाईट बातमी आहे. कूलरमध्ये गारवा करणारी दुसरी कोणतीही यंत्रणा नसते. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेतं, एवढंच त्याचं काम. पाणी कमी झालं नाही, याचा अर्थ काम झालं नाही.

वाफ किती होणार हे कूलरचा मोटर किंवा पंप ठरवत नाही, हवेत आधीच किती बाष्प आहे ते ठरवतं. त्याचं मोजमाप घरच्या घरी करता येतं. भिंतीवर टांगतात तसे काचेचे दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात पाच-सात मिनिटं धरा. ओला तापमापक कोरड्यापेक्षा खाली उतरून एका ठिकाणी थांबेल. तिथलं तापमान म्हणजे त्या हवेला नुसत्या पाण्याने गार करण्याची शेवटची पायरी. कूलर कितीही महाग असला तरी त्याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगल्या स्थितीतला कूलर कोरड्या आणि ओल्या तापमापकांतल्या फरकाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग गाठतो. पॅडवर क्षार जमले असतील किंवा पाणी सगळीकडे सारखं झिरपत नसेल, तर त्याहूनही कमी.

आता दोन दिवसांची तुलना करू. पहिला दिवस कोरडा आहे. तापमान ४० अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. ओला तापमापक सुमारे २२ अंशांवर थांबतो, म्हणजे फरक १८ अंशांचा. त्याचे तीन-चतुर्थांश म्हणजे साडेतेरा अंश, म्हणून कूलरमधून साडेसव्वीस अंशांची झुळूक येते. त्या दिवशी एसीची आठवणही होत नाही. दुसऱ्या दिवशी तापमान ३३ अंशच आहे, पण आर्द्रता ७५ टक्के. ओला तापमापक २९ अंशांच्या आसपास अडतो. फरक फक्त चार अंशांचा, त्यामुळे कूलरची हवा ३० अंशांवर बाहेर पडते. दिवस सात अंशांनी थंड असूनही कूलरचा वारा साडेतीन अंशांनी गरम! तासाला २००० घनमीटर हवा फेकणारा कूलर पहिल्या दिवशी तासाला १२ लिटरच्या आसपास पाणी पितो, तर दुसऱ्या दिवशी तीनच लिटर. टाकीचं कोडं इथे सुटतं.

तीन अंश तर तीन अंश, तेवढं तरी गार झालं की, असं म्हणता येईल. पण शरीराचा हिशेब निराळा असतो. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा तिशीच्या पुढे गेली की अंगातली उष्णता हवेला थेट फारशी देता येत नाही, मग भरवसा घामाच्या वाफेवर. घाम किती वेगाने सुकेल हे त्वचेवरच्या बाष्पाचा दाब आणि हवेतल्या बाष्पाचा दाब यांतल्या दरीवर अवलंबून असतं. वर सांगितलेल्या दमट दिवशी ही दरी १०० मानली, तर कूलरमधून आलेल्या हवेत ती ९० होते, कारण कूलरने हवा गार करताना तिच्यात आणखी पाणी घातलेलं असतं. त्या हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे गेलेली असते. एसीने २६ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणलेल्या खोलीत तीच दरी २०० च्या घरात जाते. म्हणजे घाम सुकण्याची सोय एका यंत्राने दहा टक्क्यांनी घटवली आणि दुसऱ्याने दुप्पट केली. तापमापकावरच्या अंशांत हा फरक दिसतच नाही. कूलरसमोर बसूनही मान चिकट का राहते, याचं उत्तर मात्र यात आहे.

हे सगळं खिडक्या उघड्या असताना. दमट हवेत खिडक्या लावून कूलर चालवला की तीच ओली हवा पुन्हा पुन्हा पॅडमधून फिरते. काही वेळातच ती जवळपास संपृक्त होते, गारवा थांबतो आणि माणसांच्या अंगाची व मोटरची उष्णता खोलीतच साठत जाते. गादी दमट लागणं, कपाटात कुबट वास येणं ही त्याची चिन्हं. कूलरला जितकी हवा आत आणायची, तितकीच बाहेर जायला वाट हवी. एसीला याच्या नेमकं उलट हवं असतं.

एसी हवेतलं पाणी काढतो कसं? आतल्या युनिटमधली कॉइल १० ते १२ अंशांच्या आसपास असते. आपल्या दमट हवेचा दवबिंदू २८ अंशांवर आहे. त्यामुळे कॉइलला लागताच बाष्पाचे थेंब होतात आणि ड्रेन पाईपने बाहेर जातात. मात्र हे फुकट होत नाही. पाण्याची वाफ होताना जी उष्णता आत गेली होती, ती थेंब होताना बाहेर येते आणि ती उचलायलाही कॉम्प्रेसरच राबतो. एक लिटर पाणी तासाभरात काढायला सुमारे ०.७ किलोवॉट शीतलीकरण खर्ची पडतं. दीड टनाच्या एसीची पूर्ण क्षमता सव्वापाच किलोवॉटच्या आसपास असते, हे लक्षात घेतलं की त्या लिटरचं वजन कळतं.

झोपण्याची एक खोली घेऊ: १२ चौरस मीटर, उंची तीन मीटर. दारं-खिडक्या लावल्या तरी फटींमधून तासाभरात खोलीभर हवा आत येते असं धरू. जुन्या लाकडी खिडक्यांच्या खोलीत हे सहज घडतं. ही आत शिरलेली हवा ३३ अंशांवरून २६ वर आणायला लागणारं शीतलीकरण अगदी किरकोळ, ०.०८ किलोवॉट. तीच हवा वाळवायला मात्र ०.३५ किलोवॉट लागतात, चौपटीहून जास्त. म्हणून दमट दिवसांत खिडकीची फट बुजवणं हे पडदा लावण्याइतकंच महत्त्वाचं असतं, आणि न्हाणीघराचं दार उघडं ठेवणं किंवा खोलीत ओले कपडे वाळत घालणं हे थेट मीटरवर दिसतं. दोन झोपलेली माणसं श्वास आणि घामातून तासाला १०० मिलिलिटरच्या आसपास भर घालतात, त्याला इलाज नाही.

आता विजेकडे वळू. रात्रीचे आठ तास घेऊ आणि हिशेब सोपा राहावा म्हणून बाहेरची हवा तशीच राहिली असं मानू. पंखा आणि पंप मिळून कूलर १८० वॉट घेतो, म्हणजे रात्रीला सुमारे दीड युनिट. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला जोरात चालतो आणि खोली गार झाल्यावर मंदावतो. २६ अंशांवर ठेवला तर तासाला सरासरी ०.७ युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे रात्रीला साडेपाच ते सहा युनिट. खोली वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली असेल तर जास्त. म्हणजे एसी कूलरच्या चौपट वीज खातो. आपल्या बिलावरच्या युनिटच्या दराने गुणलं की रक्कम निघते.

ही चौपट ऐकून बहुतेक जण कूलरकडे वळतात, आणि माझ्या मते इथेच हिशेब चुकतो. तिसरा गडी मोजलेलाच नसतो. छताचा साधा पंखा ७० वॉट घेतो, रात्रीला अर्ध्या युनिटहून थोडंसं जास्त. वाऱ्याचा वेग वाढला की घाम लवकर सुकतो आणि दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. कूलरच्या वाऱ्याने दमट दिवशी जो बरेपणा वाटतो, त्यातला बहुतेक वाटा या वेगाचाच असतो, पाण्याचा नव्हे. अशा रात्री कूलर म्हणजे अडीचपटीहून जास्त वीज आणि वीस-पंचवीस लिटर पाणी पिणारा पंखा झाला. त्याची तुलना एसीच्या बिलाशी करून स्वस्त म्हणणं फसवं आहे. कूलर असेलच, तर निदान पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. ओलावा वाढणं तरी थांबतं.

निर्णयासाठी पुन्हा ते दोन तापमापक कामाला येतात. कोरड्या तापमानातून फरकाचा तीन-चतुर्थांश भाग वजा करा. उत्तर २७-२८ च्या आत आलं, तर कूलर खरोखर स्वस्तात गारवा देतोय. ३० किंवा वर आलं, तर पंप चालू ठेवण्यात राम नाही. मधल्या अंशांवर ज्याचं त्याने ठरवावं. दुपारी फरक वाढतो म्हणून हुरळून जाऊ नये, कारण तेव्हा मूळ तापमानही वाढलेलं असतं. आपल्या त्या दमट हवेतलं बाष्प तेवढंच राहून तापमान ३८ वर गेलं, तर फरक चार अंशांवरून जवळपास आठ होतो, पण कूलरची हवा ३२ अंशांवर निघते.

एसी घेतला म्हणजे चिकटपणा गेलाच, असंही नाही. खोलीच्या मानाने फार मोठा एसी लावला, तर तो काही मिनिटांत तापमान खाली आणतो आणि कॉम्प्रेसर थांबवतो. वाळवायला वेळच मिळत नाही. वर आतला पंखा फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत येतं. इन्व्हर्टर एसीतही कॉम्प्रेसर फार मंद झाला की कॉइल पुरेशी थंड राहत नाही. मग खोली २४ अंश दाखवते, तरी चादर दमट लागते आणि माणूस आणखी दोन अंश खाली उतरतो. प्रत्येक अंशामागे वीज पाच-सहा टक्क्यांनी वाढते. त्याऐवजी एसीच्या आतल्या पंख्याचा वेग कमी करून पाहावा. हवा कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते, कॉइल थंड राहते आणि पाणी जास्त निघतं. ड्राय मोड साधारण हेच करतो. मग २६-२७ अंशांवर छताचा पंखा हळू लावला की झोप लागते.

एसी खरंच वाळवतोय का हे पाहायला ड्रेन पाईपखाली तासभर बादली ठेवावी. आपल्या नमुन्याच्या खोलीत, खोली एकदा थंड झाल्यावर, तासाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी यायला हवं. बादली भराभर भरत असेल, तर कुठून तरी बाहेरची हवा शिरतेय. बाहेर घामाच्या धारा आणि बादली कोरडी, असं असेल तर पाईप तुंबलाय का ते आधी पाहावं. नंतर आतलं झाकण उघडून कॉइलवर बर्फ धरलाय का तेही पाहावं. मळलेली जाळी किंवा कमी झालेला गॅस ही बर्फाची नेहमीची कारणं.

आणि एसी लावलेल्या खोलीत कूलर चालू करू नये. एक यंत्र तासाला तीन लिटर ओतणार आणि दुसरं तेच पाणी पाईपने बाहेर टाकत बसणार.