बदलती बॅटरी: स्वॅपिंगची वाट आणि गोव्यातली दुचाकी

बॅटरी स्वॅपिंग, म्हणजे उतरलेली बॅटरी देऊन भरलेली घेणं, हा प्रकार गेल्या चार-पाच वर्षांतला वाटतो, पण तो शंभर वर्षांहून जुना आहे. १९१० च्या दशकात अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराची वीज कंपनी इलेक्ट्रिक ट्रकना बॅटरी बदलून द्यायची. गिऱ्हाईक ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचं आणि बॅटरीसाठी दरमहा ठरावीक रक्कम व वर मैलागणिक पैसे भरायचं. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावरचे ट्रक साठ लाख मैलांहून जास्त धावले. आजच्या स्वॅपिंगचा आर्थिक पायाही हाच आहे: गाडी तुमची, बॅटरी दुसऱ्याची.

पुढे पेट्रोल स्वस्त झालं आणि ही कल्पना मागे पडली. २००७ मध्ये ‘बेटर प्लेस’ या कंपनीने ती मोटारींसाठी पुन्हा उचलली. इस्रायलमध्ये तिने स्वयंचलित केंद्रं उभारली. अडीचशे किलोच्या आसपास वजनाची बॅटरी यंत्र गाडीखालून काढायचं आणि दुसरी बसवायचं. केंद्रं महागडी होती आणि ती बॅटरी बसेल असं मोटारीचं मॉडेल एकच होतं. गिऱ्हाईक अपेक्षेइतकं आलं नाही आणि मे २०१३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

दुचाकीने यातली वजनाची अडचण सोडवली. तैवानच्या ‘गोगोरो’ कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या स्कूटरची बॅटरी साधारण नऊ-दहा किलोची होती. म्हणजे माणूस ती एका हाताने उचलू शकतो, यंत्राची गरजच नाही. स्कूटरमध्ये अशा दोन बॅटऱ्या बसतात. केंद्र म्हणजे रस्त्याकडेचं खणांचं कपाट, आणि प्रत्येक खणात एक चार्जर.

या कपाटाचं काम कसं चालतं? एक खण नेहमी रिकामा ठेवलेला असतो. तुम्ही उतरलेली बॅटरी त्यात सारता. मागचे पिन जुळले की बॅटरीतलं नियंत्रक सर्किट, म्हणजे बीएमएस, कपाटाशी बोलू लागतं. बॅटरीचा ओळख क्रमांक काय, किती चार्ज उरला आहे, तापमान किती, आधी काही बिघाड नोंदला गेला आहे का, हे सगळं वाचलं जातं. खातं चालू आहे हे पटलं की भरलेल्या बॅटरीचा खण उघडतो. दोन्ही बॅटऱ्या बदलायला दोनेक मिनिटं पुरतात. आत गेलेली बॅटरी गरम असेल तर कपाट तिला आधी थंड होऊ देतं आणि मगच चार्जिंग सुरू करतं.

प्लगच्या चार्जिंगमध्ये बॅटरी गाडीतच राहते, किंवा काढून घरात नेता येते. सॉकेटमधला २३० व्होल्टचा एसी प्रवाह चार्जर डीसीत बदलतो. तीन किलोवॉट-तासांची बॅटरी ७५० वॉटच्या चार्जरवर चार ते पाच तास घेते. शेवटचा भाग सावकाश भरतो, कारण सेल भरत आले की व्होल्टेज मर्यादेत ठेवून प्रवाह कमी करावा लागतो.

स्वॅपिंगमध्ये मात्र हे तास नाहीसे होत नाहीत, ते तुमच्याकडून कपाटाकडे जातात. समजा म्हापशाला आठ खणांचं कपाट आहे. सात बॅटऱ्या भरलेल्या आणि एक खण रिकामा. प्रत्येक बॅटरी दीड किलोवॉट-तासांची आणि प्रत्येक खणातला चार्जर ७५० वॉटचा. सकाळी नऊला एकामागून एक तीन स्कूटर आल्या तर सहा बॅटऱ्या गेल्या. चौथ्या माणसासाठी एकच भरलेली उरली. अगदी रिकामी आलेली बॅटरी भरायला दोन ते सव्वादोन तास लागतात, म्हणून हे कपाट सलग वापरात तासाला तीनेक बॅटऱ्या, म्हणजे दीड स्कूटर, एवढंच पुरवू शकतं. थोडा चार्ज उरलेला असताना बॅटऱ्या आल्या तर हा आकडा जरा वाढतो. म्हणून केंद्राची खरी ताकद विचारायची असेल तर ‘दोन मिनिटांत होतं का’ यापेक्षा ‘संध्याकाळी सहाला किती भरलेल्या असतात’ हे विचारावं.

भारतात वाट मोकळी झाली ती ऑगस्ट २०२० मध्ये, जेव्हा केंद्राने बॅटरीशिवाय इलेक्ट्रिक गाडी विकायला आणि नोंदवायला परवानगी दिली. २०२२ च्या अर्थसंकल्पात स्वॅपिंग धोरणाची घोषणा झाली आणि एप्रिलमध्ये नीती आयोगाचा मसुदा आला. पहिल्या टप्प्यात चाळीस लाखांवरची महानगरं आणि दुसऱ्या टप्प्यात राज्यांच्या राजधान्यांसह मोठी शहरं असा त्याचा क्रम होता. त्या हिशेबाने पणजीचा नंबर दुसऱ्या टप्प्यात लागतो. तरी गोवा आधीच चर्चेत आला. जानेवारी २०२४ पासून भाड्याने द्यायच्या नव्या गाड्या इलेक्ट्रिकच असतील, असं राज्य सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये गोगोरोने भारतातली स्कूटर आणि स्वॅपिंग सेवा आणताना सुरुवातीसाठी दिल्लीबरोबर गोव्याचं नाव घेतलं.

मला स्वतःला वाटतं की रेंट-अ-बाइकवाल्याला स्वॅपिंगची तितकी गरज नाही. कळंगुटच्या एखाद्या व्यावसायिकाकडे दहा स्कूटर आहेत असं धरू. रात्री त्या उभ्याच असतात. सगळ्या एकदम लावल्या तर साडेसात किलोवॉटचा भार येतो आणि साध्या घरगुती सिंगल फेज जोडणीला तो जड जातो. पण दहा तासांत पाळीपाळीने लावल्या तर तीस किलोवॉट-तास लागतात, म्हणजे सरासरी तीनच किलोवॉट. एक टायमर आणि नीट वायरिंग एवढ्यावर भागतं. स्वॅपिंग खरं उपयोगी पडतं ते पायलटला, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला. त्याला दिवसात दोनदा बॅटरी लागू शकते, आणि गाडी चार तास प्लगला लावली तर तेवढा धंदा बुडतो. पार्सल पोचवणाऱ्या मुलांचंही तसंच.

गोव्यात आणखी दोन गोष्टी आड येतात. पहिली हंगामाची. डिसेंबरच्या गर्दीला पुरतील एवढ्या बॅटऱ्या घेतल्या तर जून ते सप्टेंबर त्यातल्या बऱ्याच पडून राहतात, आणि त्यात गुंतलेला पैसाही अडकतो. पडून ठेवायच्याच असतील तर त्या अर्ध्या चार्जवर ठेवाव्यात. पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. स्वॅपिंगमध्ये पिन रोज अनेकदा जोडले-सोडले जातात, त्यांच्यावरचा मुलामा झिजतो आणि गंज धरतो. मग जोडणीचा रोध वाढतो आणि पिन तापतात. पिनांवर हिरवट-काळपट थर दिसणं किंवा एकच खण वारंवार बंद पडणं ही त्याची खूण. वीज गेली तर कपाटाच्या नियंत्रकाला बॅकअप असेपर्यंत भरलेल्या बॅटऱ्या घेता येतात, पण नव्या भरत नाहीत. प्लगवाल्याचं काम मात्र तिथेच थांबतं.

करातही फरक आहे. बॅटरीसह घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, तर सुट्या लिथियम बॅटरीवर १८ टक्के. बॅटऱ्यांचा साठा घेणाऱ्या कंपनीवर हा बोजा पडतो आणि शेवटी तो भाड्यात उतरतो.

जानेवारी २०२५ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने स्वॅपिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सध्याच्या वीज जोडणीवरही केंद्र चालवण्याची मुभा त्यांत आहे. बॅटरीचा आकार आणि पिन मात्र अजून ज्याचे-त्याचे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या होंडाच्या ॲक्टिव्हा ई मध्ये दीड-दीड किलोवॉट-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत. त्या होंडाच्याच केंद्रांवर बदलाव्या लागतात, घरी चार्ज करता येत नाहीत. डिचोलीच्या माणसाने अशी गाडी घेण्याआधी त्याच कंपनीचं कपाट घरापासून किती किलोमीटरवर आहे हे आधी पाहावं.