मोबाइल डेटावर उघडते, वायफायवर नाही: पत्ता चुकला की रस्ता?

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मागच्या महिन्यात दार वाजवलं. वाचनालयाच्या वेबसाइटवरून पुस्तकाची मुदत वाढवायची होती. "वायफाय बंद केलं की उघडतं, आणि लावलं की नुसतं फिरत बसतं. बाकी सगळं चालतंय. राऊटर बिघडला का रे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक मोलाची खूण आहे: बाकी सगळं चालतंय. मोबाइल डेटावर साइट उघडते, म्हणजे ती जिवंत आहे. वायफायवर इतर साइट उघडतात, म्हणजे घरातून बाहेर जाणारी वाट बंद नाही. उरतात मुख्यतः दोन शक्यता. घरच्या जोडणीला त्या साइटचा पत्ता चुकीचा मिळतोय, किंवा पत्ता बरोबर असून त्या वाटेवर काही अडतंय. पहिला दोष डीएनएसचा, दुसरा बहुधा राऊटरच्या सेटिंगचा. दोन्हींत स्क्रीनवर दिसतं ते सारखंच, म्हणून लोक सरसकट राऊटर बंद-चालू करतात. कधी तेवढ्याने काम होतं, पण का झालं हे कळत नाही आणि दोष परत आला की पुन्हा तिथूनच सुरुवात.

डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था. आपण नाव टाइप करतो, पण जोडणी होते ती आकडी पत्त्याशी. सुरुवातीच्या काळात अशा नाव-पत्त्यांची एकच फाइल होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. प्रत जुनी झाली की पत्ता चुकायचा. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची मांडणी केली. यादी अनेक ठिकाणी विभागली गेली आणि ज्याची नावं त्यानेच सांभाळायची, असं ठरलं. पण दर वेळी मूळ मालकापर्यंत जाऊन विचारणं परवडत नाही, म्हणून मधले सगळे जण मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवतात. किती काळ ठेवायचं हे साइटचा मालकच सेकंदांत लिहून देतो. 3600 लिहिलं तर एक तास, 86400 लिहिलं तर पूर्ण दिवस. प्रत जुनी होण्याची अडचण संपली नाही, तिला फक्त मुदत लागली.

घरात हे मधले लोक कोण? फोन वायफायला जोडला की राऊटर त्याला सांगतो, "पत्ते मला विचार." बऱ्याच घरांत राऊटरचा स्वतःचा पत्ता `192.168.1.1` असतो. राऊटर पुढे इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. मोबाइल डेटावर मात्र हे दोघेही वाटेत येत नाहीत, तिथे सिमच्या कंपनीचा सर्व्हर उत्तर देतो. म्हणजे एकाच फोनला एकाच नावाचे पत्ते दोन वेगवेगळ्या माणसांकडून मिळतात, आणि त्यातल्या एकाकडे जुनी प्रत असू शकते.

काकूंच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये `ERR_CONNECTION_TIMED_OUT` आलं होतं. या चुकीचा सरळ अर्थ असा की पत्ता मिळाला, दार ठोठावलं, कोणी उघडलं नाही. डीएनएसकडून पत्ताच मिळाला नसता तर `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` किंवा `ERR_NAME_NOT_RESOLVED` दिसलं असतं. त्यामुळे पहिल्या नजरेला डीएनएस सुटला आणि संशय राऊटरवर आला. इथेच फसायला होतं. डीएनएस गप्प बसला तर चटकन कळतं, पण त्याने आत्मविश्वासाने जुना पत्ता दिला तर ब्राउझरला ते कळायचा मार्गच नसतो. तो बिचारा रिकाम्या घराचं दार वाजवत राहतो.

म्हणून एकच प्रश्न तीन जणांना वेगवेगळा विचारायचा: राऊटरला, इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला आणि बाहेरच्या एखाद्या तटस्थ सर्व्हरला. कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता राऊटरच्या पानावर, `WAN` किंवा `Status` या भागात लिहिलेला असतो. तटस्थ म्हणून गूगलचा `8.8.8.8` चालतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आम्ही हे टाइप केलं (साइटचं नाव आणि बाहेरचे पत्ते इथे बदलले आहेत, `8.8.8.8` मात्र खराच आहे):

```
nslookup vachanalay.example 192.168.1.1
nslookup vachanalay.example 203.0.113.53
nslookup vachanalay.example 8.8.8.8
```

राऊटर म्हणाला `192.0.2.10`. कंपनीचा सर्व्हर म्हणाला `198.51.100.25`. गूगलही म्हणाला `198.51.100.25`. दोघे एक सांगतात आणि घरचा एकटा वेगळं सांगतो, तेव्हा चित्र स्वच्छ होतं. वाचनालयात फोन केला तर कळलं की चार दिवसांपूर्वी त्यांनी साइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि जुना बंद केला. मुदत संपल्यावरही राऊटरने जुनं उत्तर टाकून दिलं नव्हतं. काही राऊटर या बाबतीत ढिलाई करतात. राऊटर बंद करून चालू केला, त्याची आठवण पुसली गेली. लॅपटॉपही स्वतःची प्रत ठेवतो, म्हणून तिथे `ipconfig /flushdns` दिलं. काकूंच्या पुस्तकाला पंधरा दिवस मिळाले.

या प्रकरणात राऊटर आणि डीएनएस अशी फाळणी शब्दशः करता येत नाही, हे लक्षात घ्या. दोष डीएनएसचाच होता, पण तो राऊटरच्या पोटात होता. तीन प्रश्न विचारण्याचा फायदा हाच. राऊटर आणि कंपनी दोघांनीही जुना पत्ता सांगितला असता आणि फक्त गूगलने नवा, तर राऊटर शंभरदा बंद-चालू करून काही झालं नसतं. तेव्हा `nslookup -debug` लावून कंपनीच्या सर्व्हरला विचारावं. उत्तरात `ttl` पुढे उरलेले सेकंद येतात. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं की आकडा साधारण 120 ने कमी झालेला दिसतो. तो शून्यावर आला की सर्व्हर नवी प्रत आणेल. तोवर थांबायचं, किंवा राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून `8.8.8.8` किंवा `1.1.1.1` लिहायचं.

ही चाचणी दोन ठिकाणी दिशाभूल करू शकते. मोठ्या साइटचे सर्व्हर जगभर असतात आणि त्या प्रत्येकाला जवळचा पत्ता देतात, म्हणून तिथे तीन उत्तरं वेगळी आली तरी दोष समजू नये. छोट्या, एकाच सर्व्हरवरच्या साइटबाबत मात्र फरक अर्थपूर्ण असतो. दुसरं म्हणजे आजचे ब्राउझर राऊटरला वगळून परस्पर वेगळ्या डीएनएसला विचारू शकतात. क्रोममध्ये `Use secure DNS` चालू असेल तर `nslookup` एक सांगतं आणि ब्राउझर दुसऱ्याच उत्तरावर चालतो. अँड्रॉइडमध्ये 9 व्या आवृत्तीपासून `Private DNS` आहे, त्याचंही तेच. तपासणी होईपर्यंत दोन्ही बंद ठेवलेली बरी.

आता समजा तिघांनी एकच पत्ता सांगितला आणि तरीही साइट उघडत नाही. मग डीएनएस खरंच सुटला आणि वाटेकडे वळायचं. इथला एक दोष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तोही फक्त काही साइटनाच अडवतो. इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते आणि एका पाकिटाची नेहमीची कमाल मर्यादा 1500 बाइट असते. ज्या फायबर जोडणीत राऊटरला यूजरनेम आणि पासवर्ड द्यावा लागतो, तिथे बहुधा पीपीपीओई ही पद्धत असते. ती प्रत्येक पाकिटाभोवती स्वतःचं 8 बाइटचं वेष्टन घालते, म्हणून आतल्या मालाला 1492 उरतात. राऊटरमध्ये कोणी `MTU` च्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराच्या, चौकटीत 1500 ठेवलं, तर घरातली यंत्रं समोरच्या सर्व्हरला पूर्ण आकाराची पाकिटं पाठवायला सांगतात आणि ती वाटेत मावत नाहीत. मावत नाही असा निरोप सर्व्हरला मिळाला तर तो पाकिटं लहान करतो. पण काही सर्व्हरांच्या सुरक्षा भिंती हा निरोपच अडवतात. मग छोटी पाकिटं जातात, जोडणी सुरू झाल्यासारखी दिसते, आणि सर्व्हरने पहिलं भरलेलं पाकीट पाठवलं की सगळं थिजतं. ज्या साइट निरोप ऐकतात त्या व्यवस्थित उघडतात. मोबाइल डेटावर हे वेष्टन नसतंच.

याची चाचणी पिंगने होते. `-f` म्हणजे पाकीट तोडू नको, `-l` म्हणजे आत किती बाइट माल भरायचा. पिंगच्या मालावर 28 बाइटचं शीर्षक चढतं, म्हणून 1464 म्हणजे एकूण 1492 आणि 1472 म्हणजे एकूण 1500.

```
ping -f -l 1464 1.1.1.1
ping -f -l 1472 1.1.1.1
```

पीपीपीओईच्या घरात पहिल्याला उत्तर यावं आणि दुसऱ्याला `Packet needs to be fragmented but DF set` असं लगेच यावं. ते वाचून घाबरू नये, राऊटर प्रामाणिकपणे सांगतोय की एवढं मावणार नाही. संशय घ्यायचा तो दुसऱ्याला नुसतं `Request timed out` आलं तर, कारण मग पाकीट वाटेत गडप होतंय आणि कोणी सांगतही नाही. अशा वेळी राऊटरच्या `WAN` पानावर `MTU` ला 1492 लिहून जोडणी पुन्हा चालू करावी.

पत्ता एकच, पाकिटंही नीट जातात, आणि साइट तरीही वायफायवर बंद, असं क्वचित घडतं. तेव्हा समोरच्या साइटने तुमच्या बाहेरच्या पत्त्यालाच अडवलेलं असू शकतं. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे शेजारच्या कोणाच्या यंत्राने केलेला उपद्रव तुमच्या नावावर लागतो. हे राऊटरमधून सुटत नाही. कंपनीकडे तक्रार करताना `nslookup` ची तिन्ही उत्तरं आणि पिंगची दोन्ही उत्तरं सोबत लिहावीत. "राऊटर रीस्टार्ट करून बघा" या पहिल्या पायरीवर मग अडकून पडावं लागत नाही.