मुंगीचा उपाय झुरळाला चालत नाही: बाळाची बाटली, दूध पावडर आणि खिमटाचा डबा

बाळाच्या दुधाच्या डब्याला मुंग्या लागल्या की घरातली पहिली सूचना ठरलेली असते: डबा पाण्याच्या ताटलीत ठेव. झुरळ दिसलं तरी तीच सूचना, वर ओट्याभोवती खडूची रेघ. आपण दोघांनाही ‘किडे’ या एकाच खात्यात टाकतो आणि दोघांवर एकच इलाज करतो. पण मुंगी आणि झुरळ एकाच गोष्टीसाठी येत नाहीत, एकाच वेळी येत नाहीत आणि एकाच वाटेने तर मुळीच येत नाहीत. त्यामुळे एकीला अडवणारा उपाय दुसऱ्याला आमंत्रण ठरू शकतो.

मुंगी येते खाण्यासाठी. दूध पावडरीत दुधाची साखरही असते आणि स्निग्धांशही, म्हणून घरातल्या बारीक लाल मुंग्यांना ती अगदी मानवते. तीच गोष्ट खारकेच्या पुडीची आणि गूळ घातलेल्या नाचणी सत्त्वाची. एखादी मुंगी फिरता फिरता चमच्यातून सांडलेल्या चिमूटभर पावडरीपर्यंत पोहोचते आणि परतताना वासाची खूण सोडत जाते. त्या खुणेवरून रांग लागते. म्हणजे मुंगीची चोरी उघड्यावर चालते, दिवसाढवळ्या, आणि रांगेचा माग काढला तर ती खिडकीच्या चौकटीतून येते की स्विचबोर्डातून, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळतं.

झुरळाला खाणं लागतंच, पण त्याची खरी गरज पाण्याची आणि फटीची. मुंबईच्या स्वयंपाकघरात कायमचा मुक्काम ठोकणारं झुरळ म्हणजे ते छोटं, फिकट तपकिरी, जेमतेम दीड सेंटीमीटरचं. डोक्यामागे दोन गडद उभे पट्टे असतात, त्यावरून ओळखता येतं. ते नुसत्या पाण्यावर महिनाभर काढू शकतं, पाण्याविना मात्र त्याचे जेमतेम दोन आठवडे निघतात. अंग इतकं चपटं की दीड-दोन मिलिमीटरच्या फटीत मावतं, पिल्लांना तर त्याहून कमी पुरते. दिवसभर ते मिक्सरच्या बुडाखाली, फ्रिजच्या मोटरपाशी, ट्रॉलीच्या बिजागरीत दडून बसतं आणि दिवा गेला की निघतं. दिवसा ओट्यावर झुरळ दिसायला लागलं, तर समजा की आत दाटीवाटी झालेली आहे.

आता पाण्याची ताटली घ्या. मुंगीसाठी ती खंदक आहे आणि काम करते, फक्त डब्याला भिंत टेकलेली नसावी आणि ताटलीवर चमचा आडवा पडलेला नसावा. हलक्या मुंग्या पाण्याच्या पृष्ठभागावरून तरून जाऊ नयेत म्हणून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की झालं. पण रात्रभर भरून ठेवलेली ताटली झुरळासाठी आयती पाणपोई होते, आणि तीही बाळाच्या डब्याच्या पायथ्याशी. शिवाय साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, त्यासाठी महापालिकेचे लोक दारोदार येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या ओतून देतात ते वेगळंच.

परळच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे नेमकं हेच झालं. एक खोली, त्यातच ओटा, कोपऱ्यात मोरी, घरात सहा माणसं आणि सात महिन्यांचा मुलगा. सकाळी दोन डबे भरायचे, पाणी यायची वेळ ठरलेली, त्यामुळे पिंप-कळश्या कायम भरलेल्या. मुंग्यांना कंटाळून तिने पावडरीचा डबा ताटात पाणी घालून ओट्याखाली ठेवला. मुंग्या थांबल्या. आठवड्याने तिचा फोन आला, “ताई, डबा पाण्यात ठेवलाय तरी झुरळं वाढलीत गं, आणि तीही डब्यापाशीच.” मी तिला म्हटलं, रात्री सगळे झोपल्यावर एकदा टॉर्च मारून बघ. तिने बघितलं. ताटाच्या काठावर छोटी झुरळं ओळीने तोंड लावून बसलेली, दोन डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणाखालच्या खाचेत, आणि सगळ्यात जास्त कुठे, तर मोरीवर टांगलेल्या टोपलीत, जिथे धुतलेल्या बाटल्या, निपल आणि ओला ब्रश वाळत असायचा.

ही टोपली महत्त्वाची आहे. आपलं सगळं लक्ष पावडरीच्या डब्यावर असतं, कारण मुंग्या तिथे दिसतात. पण झुरळाच्या दृष्टीने बाटली जास्त मोलाची. निपल बसवायच्या रिंगच्या आट्यांमध्ये दुधाचा पातळ थर राहतो, ब्रश ओला असतो, आणि रात्री दोनला दूध पाजून झाल्यावर तळाशी बोटभर दूध असलेली बाटली सकाळपर्यंत उशाशी किंवा सिंकमध्ये पडून राहते. मोरीच्या जाळीवरून आलेले पाय त्याच निपलवर फिरतात. झुरळ खाताना पोटातलं थोडं बाहेर काढतं, विष्ठाही तिथेच टाकतं. सिंकच्या कडेला मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ती विष्ठाच असते. मुंगी धुतलेल्या बाटलीकडे फारशी वळत नाही. ती वळते ती न धुतलेल्या बाटलीकडे.

म्हणून बाटलीचा बंदोबस्त झुरळाच्या हिशेबाने करायचा. रात्री धुण्याचं त्राण नसेल तर उरलेलं दूध ओतून द्या, बाटलीत साबणाचं पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि ती झाकणाच्या पातेल्यात ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. सकाळी रिंग, निपल, बाटली सुटी करून घासायची आणि पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायची. मग टोपलीत वाळत टाकण्याऐवजी त्याच पातेल्यात झाकण ठेवून राहू द्यायची, आणि लागेल तेव्हा धुतलेल्या हातांनी एकेक काढायची. इलेक्ट्रिक स्टरिलायझर असेल तर काम झाल्यावर बुडातलं पाणी काढून तो पुसून ठेवा. उबदार, दमट आणि अंधारी, झुरळाला याहून बरी जागा मिळणार नाही. ब्रश मोरीपासून लांब, खिडकीत, वारा लागेल असा टांगा.

पावडरीचा आणि खिमटाचा बंदोबस्त मात्र मुंगीच्या हिशेबाने. पावडरीच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण हवाबंद नसतं, फॉइल एकदा फाडलं की ते नुसतं टोपण उरतं. आपले स्टीलचे डबेही बहुतेक तसेच, झाकण कितीही घट्ट वाटो. डबा खरंच बंद होतो का, हे बघायची सोपी रीत अशी: रिकाम्या डब्यात पाणी भरा, झाकण लावा आणि मिनिटभर उलटा धरा. थेंब गळला तर मुंगीला वाट आहे. रबरी किंवा सिलिकॉनची कडी असलेला, चारही बाजूंनी खटका बसणारा डबा यात टिकतो. पण चाचणीनंतर तो कोरडा ठणठणीत करून घ्या.

त्या डब्यात पावडर ओतू नका. मूळ टिन किंवा पाकीट चिमटा लावून जसंच्या तसं आत ठेवा. ओतताना पावडरीला दमट हवा लागते, आणि वापरायची मुदत व बॅच नंबर असलेलं लेबल हरवतं. चमचा कोरडाच हवा. धुवून ओलाच परत टाकलेला चमचा पावडरीच्या गुठळ्या करतो. फ्रिजमध्येही नको, आतबाहेर करताना तिला ओल सुटते.

खिमटाची भाजून दळलेली पूड आणि नाचणी सत्त्व एका वेळी आठवड्याला पुरेल इतकंच करा. गूळ, खारीक पूड वेगळ्या बाटलीत ठेवा. ओट्यावर सतत उघडझाप होणाऱ्या डब्यात गोड काही नसलं की मुंग्यांची निम्मी ये-जा आपोआप कमी होते. शिजलेलं खिमट गार होईपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांत पाण्याची ताटली खुशाल वापरा. तिचा खरा उपयोग तेवढाच, नंतर पाणी ओतून ताटली पुसून पालथी घाला.

औषधांमध्ये तर दोघांची गल्लत महागात पडते. मुंग्यांच्या रांगेवर स्प्रे मारला की समोरच्या मरतात, पण घरातल्या काही बारीक जातींत एका वारुळात अनेक राण्या असतात, आणि अशा फवाऱ्याने ती वसाहत फुटून दोन-तीन ठिकाणी वसते. त्यापेक्षा साबणाच्या पाण्याच्या फडक्याने रांग पुसा, म्हणजे वासाची खूणही जाते, आणि भोक मेणाने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. झुरळांना मात्र जेल उत्तम. मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके बिजागरीच्या आत, फ्रिजमागे, सिंकखालच्या कोपऱ्यात, जिथे ना बाटली जाईल ना रांगणाऱ्याचा हात. जेलच्या आसपास स्प्रे किंवा फिनेल मारलं की झुरळ जेलकडे फिरकतच नाही, सगळे पैसे वाया. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला आला की हे त्याला आधीच सांगा. एका अंडकोशातून तीस-चाळीस पिल्लं निघतात आणि तो कोश जेल खात नाही, म्हणून काही आठवड्यांनी ठिपके पुन्हा द्यावे लागतात. खडूची रेघ म्हणजे कीटकनाशकाची भुकटी असते. बाळाच्या डब्याभोवती ती ओढू नये, ओट्यावर तर नाहीच.

मावसबहिणीने ताट काढून टाकलं, टिन खटक्याच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवला, बाटल्या पातेल्यात झाकल्या आणि गळका नळ बदलला. रात्री मोरी पुसून कोरडी करायचं काम नवऱ्याकडे गेलं. जेल दिल्यावर दोन-तीन आठवड्यांत टॉर्चच्या उजेडात फक्त एखाददुसरं पिल्लू दिसायला लागलं.

एवढं करूनही कधी डब्यात मुंग्या सापडल्याच, तर चाळून वापरायचा मोह होतो. ‘मुंग्या खाल्ल्या की नजर तीक्ष्ण होते’ असं सांगणारी एखादी आजी असतेच. मोठ्यांच्या चहात साखरेतली मुंगी चालत असेल, पण मुंग्या कुठून फिरून आल्या ते आपल्याला माहीत नसतं आणि त्यांनी मागे ठेवलेलं चाळणीत अडकत नाही. दूध पावडर मुळातच निर्जंतुक नसते. म्हणूनच ती उकळून किमान ७० अंश गरम असलेल्या पाण्यात कालवायला आणि मग दूध कोमट करून पाजायला सांगतात. मुंग्या किंवा झुरळ शिरलेली पावडर बाळासाठी टाकूनच द्यायची. बाटलीवर झुरळ फिरलं असेल तर तिचं नुकसान नाही, पुन्हा घासून उकळली की ती चालते.

पावसाळ्यात अचानक अंगठ्याएवढं लालसर तपकिरी झुरळ दिसलं तर ते वेगळं प्रकरण आहे. ते तुमच्या मिक्सरखाली राहत नाही, गटारातून वर येतं. त्याला जेलचे ठिपके फारसे कामाचे नाहीत. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा आणि रात्री त्यावर वजनदार झाकण ठेवा. शाफ्टकडच्या पाइपाभोवतीची फट मात्र प्लंबरकडूनच बुजवून घ्या.