खांदा बसला, पण आतली कड फाटलेलीच राहिली

बडोद्यात आमच्या दांडिया बाजाराकडचा एक मुलगा, वय 19, कबड्डी खेळतो. रेडरला अडवायला हात बाजूला लांब केला आणि तो हात जोरात मागे ओढला गेला, खांदा निखळला. खांद्याची गोलाई जाऊन तिथे कोपरा आल्यासारखं दिसत होतं, हात जरासा बाहेर वळलेला, आत घेताच येईना. टीममधला एकजण म्हणाला, "थांब रे, मी ओढून बसवतो." काकांनी अडवलं ते फार बरं केलं, कारण आधी एक्सरे काढून फ्रॅक्चर नाही ना ते बघावं लागतं, आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला हात लावून तिथे कळतंय का तेही तपासतात, तिथली नस अशा वेळी ताणली जाते.

डॉक्टरांनी ओढाताण केलीच नाही. त्याला ताठ बसवलं, कोपर दुमडून अंगाला लावून त्याचा हात डॉक्टरांच्या खांद्यावर ठेवायला सांगितला आणि मानेकडचे, खांद्याचे, दंडाचे स्नायू हळूहळू चोळत "छाती पुढे काढ, खांदे मागे घे" म्हणत राहिले. याला कनिंगहॅम पद्धत म्हणतात. स्नायू घट्ट धरून ठेवतात म्हणून हाड अडकतं, ते सैल पडले की बरेचदा आपोआप आत सरकतं. पेशंट घाबरून आखडला तर मात्र हे जमत नाही, मग भूल किंवा दुसरी पद्धत. बसल्यावर परत एक्सरे.

दुखणं लगेच कमी झालं आणि घरच्यांना वाटलं झालं बरं. खरी गोष्ट इथेच आहे. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते, तिला खोली देते भोवतीची कूर्चेची कड, म्हणजे लॅब्रम. हाड पुढे निसटताना ही कड पुढून-खालून उखडते, तिला बँकार्ट इजा म्हणतात, आणि हाडाचा गोळा खोबणीच्या काठावर आपटून त्याला मागून खड्डा पडतो, तो हिल-सॅक्स. खांदा बसवल्याने उखडलेली कड जागेवर येतेच असं नाही, ती खाली सरकून चुकीच्या जागी चिकटू शकते.

एडिनबरोच्या 2006च्या अभ्यासात 15 ते 35 वयाच्या पेशंटांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा खांदा 2 वर्षांत पुन्हा अस्थिर झाला, आणि जितकं वय कमी तितका धोका जास्त, पुरुषांमध्ये तर आणखी. महिनाभर झोळीत हात ठेवला म्हणून हा आकडा फारसा बदलत नाही, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण घरोघरी भरवसा झोळीवरच असतो.

या मुलाचा पाचव्या महिन्यात बॉल फेकताना पुन्हा निखळला. एमआरआयमध्ये कड उखडलेली, सीटीमध्ये खोबणीचं हाड थोडंच झिजलेलं, म्हणून दुर्बिणीने कड परत शिवायचं ठरलं. हाड साधारण पाचवा हिस्सा गेलं असतं तर नुसतं शिवून भागलं नसतं, जवळच्या हाडाचा तुकडा स्क्रूने तिथे बसवावा लागला असता, आणि खांदा जितक्या वेळा निखळतो तितकं ते हाड आणखी झिजत जातं.