पिवळा दात आणि गडद दात: शेडच्या फोटोतला रोजचा घोळ

आमच्या डेंटल लॅबमध्ये दातांच्या कॅपांची कामं आजूबाजूच्या तालुक्यांतून येतात. मापं एसटीच्या पार्सलने येतात आणि शेडचा, म्हणजे दाताच्या रंगाचा, फोटो व्हॉट्सॲपवर. फोटोखाली डॉक्टरांची ठरलेली ओळ असते: "ए३ वाटतो, पण जरा जास्त पिवळा आहे, ए३.५ करून टाका." ए३, ए३.५ हे शेडचे नंबर. ही ओळ वाचली की मी आधी चहा सांगतो. कारण दहातल्या सहा-सात फोटोंत तो दात जास्त पिवळा नसतोच, गडद असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कॅप परत येते ती याच घोळामुळे.

पिवळेपणा सगळ्यांनाच कळतो, त्यावर वेळ घालवत नाही. रंग किती दाट आहे एवढंच ते माप. गडदपणा म्हणजे दातावरून उजेड किती कमी परत येतो ते. पांढऱ्या धोतराला हळद लागली तर ते पिवळं होतं, पण लांबून अजून उजळच दिसतं. तेच धोतर नेसून कपाशीच्या वावरातून फिरून या. काळ्या मातीने ते मळकट होईल, पिवळं नाही. वय झालेले, रूट कॅनाल झालेले दात पुष्कळदा दुसऱ्या जातीचे असतात.

घोळ होण्यात शेड गाईडचाही, म्हणजे दाताशी रंग जुळवायच्या नमुन्यांच्या संचाचाही, हात आहे. बहुतेकांकडे असतं ते १६ टॅबांचं, म्हणजे १६ नमुना-दातांचं, व्हिटा क्लासिकल. त्यात ए तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा आणि डी तांबूस-करडा. पण ए, बी किंवा सी अक्षरात वर चढलं, म्हणजे ए२ वरून ए३, ए३ वरून ए३.५, की दाटपणा वाढतो आणि त्याच वेळी उजळपणा घटतो. दोन्ही एकाच दांडीला बांधलेले. म्हणून दात नुसता मळकट असला तरी डॉक्टर आकडा वाढवतात आणि सोबत फुकटचा पिवळा येतो. याच कंपनीने १९९८ मध्ये काढलेल्या थ्रीडी-मास्टर गाईडमध्ये आधी उजळपणा ठरवायचा, मग दाटपणा. मला तेच आवडतं, पण गावाकडच्या दवाखान्यात ते क्वचितच दिसतं, म्हणून जुन्याच गाईडवर बोलू.

मागच्या उन्हाळ्यातलं एक काम सांगतो. पन्नाशीतल्या शिक्षिका, वरचा समोरचा दात, रूट कॅनालनंतर कॅप. डॉक्टरांनी ए३ लिहिलं, आम्ही ए३ केलं. बसवून पाहिल्यावर कॅप शेजारच्या दातापुढे पिवळी दिसली. डॉक्टर म्हणाले, एक पायरी उतरा. ए२ केली. तर बाईंचं म्हणणं, "सर, हा दात त ट्यूबलाईटवाणी चमकून रायला." त्यांचं खरंच होतं.

मग मी डॉक्टरांकडून ए३ आणि ए२ दोन्ही टॅब एकाच फोटोत, शेजारच्या दाताला लावून मागवले. मोबाईलच्या एडिटमध्ये रंगाची पट्टी, म्हणजे सॅच्युरेशन, शून्यावर नेली. तयार ब्लॅक अँड व्हाईट फिल्टर वापरत नाही. त्यातले काही काळा-पांढरा फरक आपल्या मनाने वाढवतात. करड्या फोटोत ए३ चा टॅब आणि दात एकमेकांत मिसळले, कड शोधावी लागली. ए२ मात्र ठळक उजळ उठून दिसला. म्हणजे उजळपणा ए३ चाच होता. मग फोटो परत रंगीत केला, तर तोच ए३ दातापेक्षा स्पष्ट पिवळा. उत्तर वरही नव्हतं, खालीही नव्हतं; बाजूच्या अक्षरात होतं. गाईडच्या उजळपणाच्या क्रमात ए३ च्या लगेच पुढे डी३ येतो, आणि त्यात पिवळा कमी आहे. डी३ चा टॅब लावून पुन्हा फोटो घेतला: करड्यातही जुळला, रंगीतही.

हे जमतं ते टॅब फोटोत असतो म्हणूनच. नुसत्या दाताच्या फोटोतला रंग मला काडीच्या कामाचा नाही. प्रत्येक मोबाईल आपल्या मर्जीने रंग बदलतो, माझी स्क्रीन आणखी बदलते. पण दात आणि टॅब एकाच चौकटीत असले की दोघांवर सारखाच अन्याय होतो, आणि त्यांच्यातला फरक बऱ्यापैकी टिकतो. मी फोटोतून रंग वाचत नाही, फरक वाचतो.

तो फरक खोटा पाडायला मात्र एक चूक पुरते: टॅब दाताच्या पुढे धरणे. फ्लॅशच्या जवळ असलेली वस्तू जास्त उजळते, म्हणून पुढे धरलेला टॅब खरा आहे त्यापेक्षा उजळ आणि दात गडद दिसतो. डॉक्टर बिचारे आणखी गडद शेड लिहितात. टॅबची कड दाताच्या कडेला, टोकाला टोक, दोन्ही एकाच पातळीत. टॅबवरचा आकडा वाचता आला पाहिजे. मोबाईल हातभर लांब ठेवून थोडं झूम करा, ब्युटी मोड बंद करा. टॅब किंवा दातावर फ्लॅशचा पांढरा चट्टा उठला असेल तर त्या भागातून काहीच कळत नाही. कोन बदलून दुसरा काढा. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो चेचून टाकतं.

आता माझं खास दुखणं: हिरवी जाळी. एप्रिल लागला की आपल्याकडे दवाखान्याच्या दारावर, व्हरांड्यावर ती चढते, आणि तिच्यातून येणाऱ्या उजेडात सगळी बत्तिशी शेवाळल्यासारखी दिसते. करड्या फोटोला त्याने फार बिघडत नाही, पण पिवळा किती हे ठरवताना वाट लागते. जाळी बाजूला सारा, किंवा सकाळी दहाच्या सुमारास पेशंटला बाहेर सावलीत, उघड्या आभाळाखाली बसवा. भर उन्हात नको.

फोटो कामाच्या आधी काढायचा, नंतर नाही. तोंड उघडं राहून दात वाळला की काही मिनिटांत तो उजळ, खडूसारखा दिसू लागतो, आणि पुन्हा ओला व्हायला बराच वेळ घेतो. टॅबही ओला करून लावा. खर्रा खाणाऱ्यांचे डाग आधी साफ करा; डागाची शेड घेऊन कॅप केली तर पुढच्या स्केलिंगनंतर तीच एकटी काळी उरेल. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराईडच्या पाण्याने आलेले पांढरे चट्टे शेडमध्ये मोजू नका, ते वेगळे चितारून पाठवा.

ए आणि बी मधल्या फरकावर मात्र भांडत बसू नका. हात-दीड हातावरून तो फारच थोड्यांना दिसतो. उजळपणातली चूक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

आणि दोन शेडमध्ये अडलात तर उजळ असलेली लिहा. तयार कॅपवर स्टेन लावून भट्टीत घातली की ती गडद करता येते, पिवळीही करता येते. गडद झालेली कॅप वरून रंग लावून उजळ करायचा उपाय माझ्याकडे नाही; ती नव्यानेच करावी लागते. त्या शिक्षिकाबाईंची ए३ ची कॅप अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.